भाड्याच्या खोलीत ऑक्सिजन मशीन: इन्व्हर्टरचे तास किती धरायचे?

प्रश्न: आम्ही साखर पेठेत पहिल्या मजल्यावर दोन खोल्यांत भाड्याने राहतो. वडिलांना फुप्फुसाचा आजार आहे. डॉक्टरांनी घरी २ लिटरवर रोज निदान सोळा तास ऑक्सिजन लिहून दिलाय. ५ लिटरचं मशीन घ्यायचं ठरलंय. लाईट जाते म्हणून इन्व्हर्टरही हवा. दुकानदार म्हणतो, ९०० व्हीएचा इन्व्हर्टर आणि १५० एएचची बॅटरी घ्या, पाच तास आरामात चालेल. घरमालक म्हणतात, वायरिंग जुनं आहे, लोड येईल, आग लागेल, असलं काही वर ठेवू नका. ठेवता येतं का? आणि लाईट गेल्यावर खरंच चालेल का?

उत्तर:

ठेवता येतं. भिंतीला एकही भोक न पाडता, घराच्या वायरिंगला हात न लावता ठेवता येतं, त्यामुळे मालकांच्या बऱ्याचशा हरकती तिथंच संपतात. पण दुकानदाराच्या पाच तासांवर वडिलांना सोडू नका. त्या जोडणीवर तुमचे खरे तास अडीच निघतील आणि दोन उन्हाळ्यांनंतर दोनच. त्यामुळे बॅटरी संपल्यावर काय, याचं उत्तर आधी तयार हवं. ते उत्तर म्हणजे एक छोटा सिलिंडर. इन्व्हर्टर तिथपर्यंत पोचवतो, एवढंच त्याचं काम. मी सोलापुरात बरीच वर्षं हीच मशीन आणि इन्व्हर्टर बसवतो आणि दुरुस्त करतो. त्यामुळे औषधपाण्याचं डॉक्टरांवर सोडून विजेचं तेवढं सविस्तर सांगतो.

आधी मशीन काय करतं ते पाहू, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटरमध्ये ऑक्सिजन भरलेला नसतो. आत एक कॉम्प्रेसर असतो. तो खोलीतली हवा दाबून झिओलाइटचे दाणे भरलेल्या दोन नळकांड्यांतून आळीपाळीने पाठवतो. दाणे नायट्रोजन धरून ठेवतात आणि पलीकडून साधारण ९३ टक्क्यांचा ऑक्सिजन निघतो. म्हणजे कॉम्प्रेसर थांबला की ऑक्सिजन थांबला. आत साठा असा काही नाही. लाईट आल्यावर मशीन पुन्हा सुरू झालं तरी पूर्ण शुद्धता यायला काही मिनिटं जातात. मालकांना वाटतं तसं यात फुटण्यासारखंही काही नसतं, हे त्यांना मशीन दाखवूनच सांगा.

आता मशीनच्या मागचा स्टिकर वाचा. ५ लिटरच्या मशीनवर साधारण ३५० वॉट लिहिलेलं असतं, काहींवर ४०० ते ५०० सुद्धा. विकत घेण्याआधी हा आकडा विचारा, कारण ३५० आणि ५०० वॉटमधला फरक बॅटरीवर तासाभराचा पडतो. इथं एक गैरसमज नेहमी भेटतो: वडिलांना २ लिटरच लागतं, तर वीजही कमी लागेल. तसं होत नाही. कॉम्प्रेसर बहुतेक मॉडेलांत पूर्ण ताकदीनेच फिरतो, फ्लोमीटर फक्त तुमच्या नळीत किती जाऊ द्यायचं ते ठरवतो. २ लिटरवर ठेवलं तरी हिशोब ३५० वॉटचाच धरा.

चालू असताना ३५० वॉट घेणारा कॉम्प्रेसर सुरू होताना मात्र क्षणभर त्याच्या चार-पाच पट ओढतो. ९०० व्हीएचा इन्व्हर्टर जेमतेम ७०० वॉटचा असतो. तो हा झटका पेलेल का, हे कागदावरून सांगता येत नाही. काही कंपन्यांचे पेलतात, काहींचे ओव्हरलोडचा लाल दिवा लावून गप्प बसतात. जुळे सोलापुरात एका घरी असं झालं की सगळी चाचणी नीट पार पडली होती. मशीन चालू होतं, मेन स्विच पाडला, मशीन न थांबता चालत राहिलं. तीन आठवड्यांनी दुपारी लाईट नसताना आजींच्या आंघोळीसाठी मशीन बंद केलं आणि पुन्हा लावलं, तर इन्व्हर्टर ट्रिप झाला. फिरतं मशीन इन्व्हर्टरवर येणं वेगळं आणि थांबलेलं मशीन इन्व्हर्टरवर सुरू होणं वेगळं. बदलीला मिलिसेकंदच लागतात, तेवढ्यात कॉम्प्रेसर थांबत नाही, म्हणून पहिली चाचणी सहज पास होते. तुम्ही दुसरी घ्या. मेन पाडून ठेवा, मशीन पाच मिनिटं बंद राहू द्या, पंखा चालू असू द्या आणि मग मशीनचं बटण दाबा. बॅटरी तासभर वापरून झाल्यावर हेच परत करा, कारण उतरत्या बॅटरीवर झटका आणखी जड जातो. दोन्ही वेळा सुरू झालं तरच पैसे द्या. दुकानदार ‘घरी नेऊन बघा’ म्हणाला तर मशीन घेऊन त्याच्या दुकानात जा.

माझ्या मते ९०० व्हीए या कामाला आखूड आहे. ११०० किंवा त्याहून मोठा घ्या आणि प्युअर साइन वेव्हचाच घ्या. स्क्वेअर वेव्ह स्वस्त मिळतो, पंखे-दिवे त्याच्यावर चालतात, पण कॉम्प्रेसर घुरघुरतो आणि जास्त तापतो. मशीनची वॉरंटीही त्यावरून नाकारली जाऊ शकते. नवीन मशीनच्या पुस्तिकेत साइन वेव्हचा उल्लेख आहे का तेही बघून घ्या.

तासांचा हिशोब. दुकानदाराने १५० ला १२ ने गुणलं, १८०० आले, त्याला ३५० ने भागलं, पाच तास झाले. गणित बरोबर, पण त्यात तीन गोष्टी राहिल्या. पहिली, इन्व्हर्टर स्वतःच थोडी वीज खातो. मशीनला ३५० वॉट मिळायला बॅटरीतून ४१० च्या आसपास जातात, म्हणजे १२ व्होल्टवर ३४ अँपिअर. दुसरी गोष्ट महत्त्वाची आहे. बॅटरीवरचे १५० एएच हे ती वीस तासांत हळूहळू संपवली तर मिळतात, म्हणजे साडेसात अँपिअरने. ३४ अँपिअरने ओढली तर तीच बॅटरी ११० च्या आसपासच देते. ११० भागिले ३४, झाले सव्वातीन तास, तेही नवीन, पूर्ण चार्ज झालेल्या ट्युब्युलर बॅटरीवर. तिसरी गोष्ट, वडील अंधारात आणि उकाड्यात बसणार नाहीत. एक पंखा आणि एक दिवा धरला की आणखी ८० वॉट वाढतात आणि अडीच तासांवर येता. टीव्ही, राऊटर, मोबाईल चार्जर असे एकेक चिकटत गेले तर त्याहून खाली.

त्यातही लोक विसरतात ते परत भरण्याचं. अडीच तास चाललेली बॅटरी पुन्हा पूर्ण भरायला आठ-दहा तास लागतात, कारण घरगुती इन्व्हर्टर १० ते १५ अँपिअरनेच भरतो आणि शेवटी शेवटी आणखी हळू. मे महिन्यातली संध्याकाळ घ्या. दुपारी तीनला दुरुस्तीसाठी लाईट गेली, पाचला आली. सातला वळवाचा पाऊस, वारं सुटलं, कुठंतरी फांदी तारेवर पडली आणि पुन्हा गेली. पहिल्या दोन तासांत तीन चतुर्थांशाहून जास्त बॅटरी गेली होती, मधल्या दोन तासांत त्यातली चौथाई-तिहाईच भरली. म्हणजे सातला तुमच्या हातात अडीच नव्हे, सव्वा तास आहे. साडेआठनंतर वडिलांना ऑक्सिजन कुठून येणार, हा खरा प्रश्न आणि तो रात्री साडेआठला सोडवायचा नसतो.

दोन बॅटऱ्यांचा २४ व्होल्टचा इन्व्हर्टर घेतला तर तास दुपटीहून जास्त वाढतात, कारण प्रत्येक बॅटरीवरचा ताण निम्मा होतो. साडेपाच-सहा तास धरायला हरकत नाही. पण दोन बॅटऱ्या म्हणजे शंभर किलोच्या पुढे वजन. तुमचं घर जुनं माळवदी असेल तर ते वजन खोलीच्या मध्ये ठेवू नका, भिंतीलगत ठेवा, आणि मालकांना विचारल्याशिवाय मुळीच नको. भाडेकरूला मी एक बॅटरी आणि एक सिलिंडर हीच जोडी सुचवतो. खोली सोडताना टेम्पोत चढवायलाही तीच बरी.

आता सोलापूरची खास अडचण. लाईट जाण्यापेक्षा लाईट कमी येणं इथं जास्त छळतं. आपल्याकडं नळाला रोज पाणी नसतं. ज्या दिवशी येतं त्या दिवशी अख्ख्या गल्लीतल्या मोटारी एकदम चालू होतात आणि पेठेतल्या शेवटच्या घराला २३० ऐवजी १७० व्होल्ट मिळतात. कॉम्प्रेसर अशा वेळी चालतो, पण जड होऊन, घुमत, तापत. मशीनचा आवाज बदलला, मागून येणारी हवा नेहमीपेक्षा गरम लागली किंवा ऑक्सिजन कमी असल्याचा पिवळा दिवा लागला, तर आधी व्होल्टेज बघा, मग मशीनला दोष द्या. सॉकेटमध्ये खोचायचा साधा व्होल्टमीटर बाजारात मिळतो, तो एक कायमचा लावून ठेवा. आठवडाभर पाण्याच्या वेळेला आणि रात्री दहाला आकडा लिहून ठेवला की स्टॅबिलायझर लागतो की नाही ते कळेल.

इन्व्हर्टरच्या मागे बहुधा एक छोटं बटण असतं, यूपीएस आणि इन्व्हर्टर किंवा इको असं लिहिलेलं. यूपीएसवर ठेवलं तर व्होल्टेज साधारण १८० च्या खाली गेलं की तो स्वतःच बॅटरीवर जातो आणि मशीन वाचतं. दुसऱ्या बाजूला ठेवलं तर शंभर-सव्वाशे व्होल्टसुद्धा तो तसेच मशीनला देतो. म्हणून बटण यूपीएसवरच हवं. पण मग दुसरा घोळ होतो: गल्लीत दोन तास मोटारी चालल्या तर दोन तास बॅटरी खर्च होते, लाईट असताना. तुम्हाला पत्ताही नसतो आणि संध्याकाळी लाईट गेल्यावर बॅटरी अर्ध्या तासात संपते. ‘नवीन बॅटरी खराब निघाली’ म्हणून आलेल्या तक्रारींत हे कारण मला बऱ्याचदा सापडतं.

यावर उपाय स्टॅबिलायझर, पण तो कुठं लावायचा याला महत्त्व आहे. भिंतीतला सॉकेट, मग स्टॅबिलायझर, मग इन्व्हर्टर, मग मशीन, हाच क्रम ठेवा. बरेच जण स्टॅबिलायझर इन्व्हर्टर आणि मशीनच्या मध्ये लावतात. फ्रिज-एसीच्या स्टॅबिलायझरला वीज आल्यावर दोन-तीन मिनिटं थांबून पुढं वीज सोडायची सवय असते. ती फ्रिजसाठी चांगली, पण मध्ये लावला तर एखाद्या झटक्याने तो बंद पडून वडिलांचा ऑक्सिजन तीन मिनिटं अडवेल. आधी लावला तर ती तीन मिनिटं बॅटरी सांभाळते, शिवाय बॅटरीही नीट भरते. मशीन आणि चार्जिंग मिळून ६०० वॉट होतात, म्हणून स्टॅबिलायझर एक केव्हीएपेक्षा लहान नको.

ही सगळी जोडणी पिन-सॉकेटनेच करा. घराच्या बोर्डातून इन्व्हर्टरची वेगळी लाईन ओढू नका. इन्व्हर्टरच्या मागे स्वतःचं सॉकेट असतं. मशीन त्यातच लावा, पंखा टेबल-फॅन घ्या आणि दिवाही पिनेचा. वायरिंगला हात लागला नाही म्हणजे मालकांना बोलायला जागा नाही, आणि खोली सोडताना भांडणही नाही. भिंतीतलं ते एक सॉकेट मात्र तपासून घ्या. वायरमनला बोलवून टेस्ट लॅम्प फेज आणि अर्थिंगमध्ये लावायला सांगा. दिवा पूर्ण पेटला पाहिजे. जुन्या घरांत तीन भोकांचं सॉकेट असतं, पण वरच्या भोकामागे वायरच नसते. त्याच वेळी सॉकेटच्या पट्ट्या सैल आहेत का बघा, कारण जुन्या घरात आग लागते ती लोडने कमी आणि सैल पिनेमुळे जास्त. सॉकेट बदलायला फार खर्च नाही, तेवढा मालकांना सांगून करून टाका. एक्स्टेन्शन बोर्ड आणि थ्री-पिनमध्ये टू-पिन कोंबण्याचे प्रकार या मशीनला नकोत.

सिलिंडर कोणता घ्यायचा? डी टाइप म्हणजे हॉस्पिटलात दिसतो तो उंच, जड. तो पहिल्या मजल्यावर चढवण्यात अर्थ नाही. बी टाइप घ्या. त्यात पाण्याच्या मापाने १० लिटर जागा असते आणि भरलेला असताना साधारण १५०० लिटर ऑक्सिजन. २ लिटरने ७५० मिनिटं, म्हणजे साडेबारा तास. वळवाच्या पावसाची एक अख्खी रात्र यात निघते. हाच माणूस ५ लिटरवर असता तर पाच तासच मिळाले असते, म्हणून दुसऱ्याचा अनुभव तुमच्या हिशोबात धरू नका. शिल्लक किती ते सिलिंडरवरच्या दाबाच्या घड्याळावरून काढता येतं: काट्याचा बारमधला आकडा गुणिले दहा, भागिले तुमचा फ्लो, म्हणजे मिनिटं. काटा १०० वर असेल तर १००० लिटर, २ ने भागले की ५०० मिनिटं, म्हणजे आठ तासांना थोडे जास्त. काटा पन्नासच्या खाली आला की भरून आणा, शून्याची वाट पाहू नका.

सिलिंडर भाड्याने मिळतो. घेताना त्याच्यासोबत एफए व्हॉल्व्ह, म्हणजे घड्याळ, फ्लोमीटर आणि पाण्याची बाटली असलेली जोडणी, आणि सिलिंडरची चावी, या दोन्ही गोष्टी घ्या आणि दुकानातच लावून दाखवायला सांगा. व्हॉल्व्हच्या तोंडाचे प्रकार वेगळे असतात. सिलिंडर एका दुकानातून आणि एफए व्हॉल्व्ह ऑनलाइन मागवला की हमखास बसत नाही. व्हॉल्व्ह लावण्याआधी सिलिंडर क्षणभर किंचित उघडून धूळ उडवा, तोंड माणसांकडे नको. आटे घट्ट बसत नाहीत म्हणून तेल किंवा ग्रीस लावायचं नाही, कधीच नाही; दाबाखालच्या ऑक्सिजनला तेल लागलं की ते पेटतं. सिलिंडर उभा ठेवून साखळीने खिडकीच्या गजाला बांधा. चावी दोरीने त्यालाच अडकवा. आणि घरात दिवसा वडिलांजवळ जे कोणी असतं, आई असो की वहिनी, तिच्याकडून महिन्यातून एकदा नळी मशीनवरून काढून सिलिंडरवर लावून घ्या. तुम्ही कामावर असताना लाईट जाईल.

इन्व्हर्टरचं घड्याळ किंवा बॅटरीचा दिवा शेवटच्या खणावर येईपर्यंत थांबू नका. लाईट गेल्यावर मोबाईलमध्ये दीड तासाचा गजर लावा. गजर झाला आणि लाईट आली नसेल तर सिलिंडरवर जा आणि मशीन बंद करा. उरलेली बॅटरी पंखा-दिव्याला आणि गडबडीच्या वेळी पुन्हा मशीनला उपयोगी पडते. रात्री मात्र मशीनच्या स्वतःच्या अलार्मवर अवलंबून राहावं लागतं, म्हणून घेताना प्लग उपटून वीज गेल्याचा अलार्म वाजतो का ते ऐका. काही मशीनमध्ये त्यासाठी ९ व्होल्टची छोटी बॅटरी लागते आणि ती बसवलेलीच नसते. डॉक्टरांनाही दोन गोष्टी आत्ताच विचारून कागदावर घ्या: ऑक्सिमीटरवर किती आकडा चालेल आणि ऑक्सिजनशिवाय वडील किती वेळ राहू शकतात. लाईट गेल्यावर घाबरून कुणी फ्लो वाढवू नये. काही फुप्फुसांच्या आजारांत जास्त ऑक्सिजनने शरीरात कार्बन डायऑक्साइड साठतो आणि माणूस गुंगीत जातो, म्हणून २ म्हणजे २.

जागेबद्दल थोडक्यात. मशीन खाल्लेली सगळी वीज शेवटी उष्णतेच्या रूपात खोलीतच सोडतं. वर पत्रा असेल तर सोलापूरच्या मेमध्ये दुपारी खोली चाळिशीच्या पुढं जाते, आणि बहुतेक मशीनची मर्यादा ४० अंशांच्या आतच असते. मशीन कोपऱ्यात, पडद्यामागे, कपाटात ठेवू नका. भिंतीपासून हातभर लांब, दोन खोल्यांमधल्या दारात ठेवलं तर उत्तम, नळी लांब घेता येते. मागची जाळी आठवड्याला धुवा, आपल्याकडची धूळ ती लवकर भरते. बॅटरी वडिलांच्या खोलीत नको; चार्ज होताना ती हायड्रोजन सोडते, तिला खिडकीजवळची मोकळी जागा द्या आणि खाली प्लास्टिकचा ट्रे ठेवा म्हणजे ॲसिडने फरशी खराब झाली ही तक्रार येणार नाही. आणि विडी, उदबत्ती, समई, गॅस हे सगळं ऑक्सिजनच्या नळीपासून दूर, निदान दहा फूट. देवघर त्याच खोलीत असेल तर देव हलवावे लागतील. ऑक्सिजन स्वतः जळत नाही, पण त्यात भिजलेली गोधडी एका ठिणगीने भडकते. नळी नाकातून काढली की मशीन बंद करा, गादीवर तशीच सोडू नका.

आता मालक. त्यांची लोडची भीती आकड्याने काढा. मशीन आणि चार्जिंग मिळून ६०० वॉट. इस्त्री १००० ची, गीझर २००० चा. त्यांच्या घरात गीझर असेल तर तुमचं मशीन त्याच्या तिसऱ्या हिश्श्याचं आहे. बिलाची भीती मात्र खरी आहे, ती टाळू नका. ३५० वॉट रोज सोळा तास म्हणजे साडेपाच युनिट, महिन्याला १७० च्या आसपास. चोवीस तास चाललं तर २५०. मीटर दोघांत एकच असेल तर ही वाढ एकूण युनिटना वरच्या टप्प्यात ढकलते, म्हणजे मालकांच्या स्वतःच्या युनिटचाही दर वाढतो. त्यांचा राग बहुधा इथं असतो आणि ते बोलतात आगीबद्दल. सबमीटर लावा, आणि फक्त तुमचे युनिट गुणिले दर असं न देता, मशीन यायच्या आधीचं बिल आणि नंतरचं बिल यातला फरक देण्याची तयारी दाखवा. यावर ऐकले नाहीत असे मालक मला क्वचितच भेटले.

कायद्याचं वकिलाकडून पक्कं करून घ्या, पण एवढं माहीत असू द्या. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम २९ प्रमाणे सबळ कारणाशिवाय मालकाला भाडेकरूची वीज-पाण्यासारखी अत्यावश्यक सेवा तोडता येत नाही. घर खाली करायला लावण्याचं एक कारण कलम १६ मध्ये लेखी परवानगीशिवाय केलेलं पक्कं बांधकाम हे आहे. चाकावरचं मशीन आणि प्लगचा इन्व्हर्टर पक्कं बांधकाम होत नाही. तुमचा अकरा महिन्यांचा लीव्ह अँड लायसन्स करार असेल तर गोष्ट वेगळी. तुम्ही भाडेकरू नसून परवानाधारक ठरता आणि करारात काय लिहिलंय ते आधी वाचावं लागतं. स्वतःच्या नावाने वेगळं मीटर घ्यायचं असेल तर वीज कायदा २००३ चं कलम ४३ मालकाप्रमाणेच जागेत राहणाऱ्यालाही अर्जाचा हक्क देतं, आणि केवळ मालक ना-हरकत देत नाही म्हणून वीज नाकारता येत नाही असं सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये म्हटलंय. हे सगळं खिशात ठेवा. पहिल्या बोलण्यात काढलंत तर ऑक्सिजन राहील बाजूला आणि वाद सुरू होईल.

त्याऐवजी डॉक्टरांच्या चिठ्ठीची झेरॉक्स लावून एक साधं पत्र द्या आणि व्हॉट्सअॅपवरही पाठवा. मजकूर असा चालेल: ‘माझ्या वडिलांसाठी डॉक्टरांच्या सल्ल्याने ३५० वॉटचं ऑक्सिजन मशीन, इन्व्हर्टर व एक सिलिंडर खोलीत ठेवत आहे. घराच्या वायरिंगमध्ये बदल करणार नाही. सॉकेट व अर्थिंग वायरमनकडून माझ्या खर्चाने तपासून घेतलं आहे. वाढीव बिल मी भरेन. लाईट बंद ठेवून काही काम करायचं असल्यास आदल्या दिवशी कळवावं.’ शेवटचं वाक्य गाळू नका. जिन्यातला दिवा दुरुस्त करायला खालून मेन स्विच पाडला जातो आणि वर कुणाला कळत नाही, हे मी पाहिलेलं आहे.

आणखी एक काम मालकांकडूनच होणार आहे. दुरुस्तीसाठी लाईट जाणार असेल तर महावितरण मेसेज पाठवतं, पण तो बिलाशी जोडलेल्या मोबाईलवर, म्हणजे मालकांच्या. ते तो वाचतही नसतील. ‘मेसेज आला की मला पुढं पाठवा’ म्हणा. तुमचं मीटर वेगळं असेल आणि त्यांची हरकत नसेल, तर तुमचा नंबर जोडून घ्या: मेसेजमध्ये `MREG`, एक जागा सोडून बिलावरचा बारा आकडी ग्राहक क्रमांक, आणि तो `9930399303` वर पाठवायचा. मग बिलाचे मेसेजही तुमच्याकडे येतील, तेव्हा दर महिन्याला ते त्यांना पाठवत जा. वर मशीन चालू असताना बिल थकून चालणार नाही.